पोस्टरवर काय उरावे?

परिषदेतल्या पोस्टरचा मजकूर बहुतेक वेळा आधी लिहिलेल्या शोधनिबंधातून उचललेला असतो आणि अडचण तिथूनच सुरू होते. प्रस्तावना, उद्दिष्टे, पद्धत, निष्कर्ष, चर्चा हे सगळे विभाग थोडे थोडे छाटून ८४१ बाय ११८९ मिलिमीटरच्या कागदावर बसवले जातात. प्रत्येक विभाग आखूड होतो, पण मुख्य गोष्ट कुठेच ठळक होत नाही. मजकूर मोजक्या तुकड्यांवर आणावा, हे सगळ्यांनाच पटते. किती आणावा, कशाच्या बळावर आणावा आणि त्यात काय हरवते, यावर मात्र दोन टोकाची मते आहेत. पुढच्या संवादात एकाला संक्षेप हवा आहे, दुसऱ्याला त्याची धास्ती आहे. दोघांनी आधारासाठी एकच जुने संशोधन घेतले आहे: ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावर केलेला स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग. तो ऑक्टोबर १९४८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध म्हणून छापला गेला, त्याचे पोस्टर कधी झाले नाही. म्हणूनच तो सरावाला चांगला: पुढे काय घडले, हे आज माहीत आहे.

संक्षेपवादी : आधी साधा हिशेब मांडावा. सभागृहात शंभर पोस्टर आहेत आणि सत्र दीड तासाचे आहे. सगळी पाहायची म्हटली, तर एकाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. त्यातले काही चालण्यात जातात, काही ओळखीचे कोणी भेटले म्हणून जातात. उभ्याने, गोंगाटात माणूस मिनिटाला दोनशे शब्द वाचतो असे उदारपणे धरले, तरी ५४ सेकंदांत १८० शब्द होतात. नेहमीच्या पोस्टरवर आठशे ते हजार शब्द असतात. ते वाचायला चार-पाच मिनिटे लागतील, म्हणजे ते कोणी वाचणार नाही. वाचणारा मग स्वतःच निवड करतो: शीर्षक पाहतो, एखादा आलेख पाहतो आणि ‘निष्कर्ष’ या शब्दाखालच्या पहिल्या ओळीवर नजर टाकून पुढे जातो. तेव्हा मजकूर कापावा की नाही, हा प्रश्नच उरत नाही. लेखकाने कापला नाही, तर वाचक चालता चालता कापतो आणि त्याला कापायचे कुठे ते माहीत नसते.

साशंक : हिशेब बरोबर आहे, पण त्यातला वाचक चुकीचा आहे. शंभरही पोस्टर पाहणारा माणूस जवळपास नसतोच. लोक गोषवाऱ्यांची पुस्तिका चाळून आठ-दहा क्रमांकांवर खुणा करून येतात आणि तिथे पाच-दहा मिनिटे थांबतात. त्यांना मथळा नको असतो. रुग्ण कसे निवडले, मोजले कशाने, मध्येच किती गळाले, हे हवे असते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत परीक्षक विद्यार्थ्यासमोर उभे राहून प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठीही पोस्टर म्हणजे तपासणीचा कागद असतो. सत्र संपल्यावर तर पोस्टर एकटेच उरते. कोणी मोबाइलवर फोटो काढून नेतो, कोणी पीडीएफ जपून ठेवतो. तेव्हा शेजारी उभे राहून ‘याचा अर्थ असा’ म्हणायला लेखक नसतो. चार ओळींचे पोस्टर अशा वेळी मुके होते.

संक्षेपवादी : वाचक दोन प्रकारचे असतात, हे खरेच. पण दोघांची जागा एक आणि वेळ वेगळी असते. खूण करून आलेलाही आधी तीन-चार मीटरवरून पाहतो, मगच जवळ येतो. दुरून वाचायचा मजकूर आणि जवळून वाचायचा मजकूर वेगवेगळे लिहावेत, एवढाच आग्रह आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच. डी. करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी एका व्हिडिओतून असाच आराखडा सुचवला आणि तो जगभर गाजला. मध्ये मोठ्या अक्षरांत साध्या भाषेतला एकच निष्कर्ष, एका बाजूला थोडक्यात पद्धत आणि निकाल, दुसऱ्या बाजूला लेखकाला बोलताना लागतील तेवढेच तक्ते आणि पूर्ण निबंधासाठी क्यूआर कोड. आराखडा हाच घ्यावा, असे नाही. त्यामागचा क्रम घ्यावा: आधी एक वाक्य, मग त्याला धरून ठेवणारे दोन-तीन तुकडे, मग बाकीचे कागदाबाहेर.

साशंक : त्या मोठ्या वाक्यातच सगळा धोका भरलेला आहे. एक प्रसंग आठवावा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवले, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वाक्य आखूड होते, सोपे होते आणि चूकही नव्हते. पण मूळ धोका होता सात हजारांत सुमारे एका बाईचा. तो सात हजारांत दोन झाला होता. ‘दुप्पट’ हा शब्द उरला आणि ‘सात हजारांत’ गळून पडले. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे तर त्या वाक्यात नव्हतेच. संक्षेपात पहिल्यांदा पडतो तो छेद. अंश ठळक असतो, छेद कंटाळवाणा असतो.

संक्षेपवादी : हा दाखला संक्षेपाविरुद्धचा नाही, वाईट संक्षेपाविरुद्धचा आहे. ‘सात हजारांत एकीऐवजी दोघींना’ हे वाक्य ‘धोका दुप्पट’पेक्षा फक्त दोन शब्दांनी लांब आहे. जागा होती, काय ठेवायचे, याचा निर्णय चुकला. त्यातून एक नियम मात्र काढता येतो. आकडा असलेल्या वाक्यात चार गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात: किती पैकी किती, कोणाच्या तुलनेत, किती काळात आणि कोणत्या माणसांत. यातली एक जरी वेगळ्या चौकटीत गेली, तरी वाक्य तुटते, कारण दुसरी चौकट वाचली जाईलच असे नाही. म्हणून या चारही गोष्टी एकाच तुकड्यात बसल्या पाहिजेत. त्या बसवूनच वाक्य आखूड करायचे, त्या काढून नव्हे.

स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग घेऊन हे करून पाहावे. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणाऱ्या क्षयरोगाचे १०७ तरुण रुग्ण होते. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, ५२ जणांना फक्त विश्रांती. कोणाला काय, हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. याचे प्रचलित पोस्टर-शीर्षक असे होईल: ‘फुप्फुसाच्या तीव्र क्षयरोगावरील उपचारांत स्ट्रेप्टोमायसिनच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास’. हे वाचून वाचणाऱ्याला विषय कळतो, निष्कर्ष कळत नाही. त्याऐवजी:

‘स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ पैकी ४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले, केवळ विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४.’

चौदा शब्द आहेत. छेद आहे, तुलना आहे, काळ आहे. कोणते रुग्ण, एवढेच राहिले. ते मथळ्याला चिकटूनच खालच्या ओळीत, वेगळ्या चौकटीत नव्हे. ‘मृत्यूदरात ७३ टक्के घट’ असेही म्हणता आले असते आणि ते अधिक आखूड दिसले असते, पण त्यात ५५ आणि ५२ दिसले नसते. गट लहान आहेत, हे वाचणाऱ्याला लपून राहू नये.

[इथे भाषेची एक बाब नोंदवण्यासारखी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटीच. ‘अमुक औषधाने ताप लवकर उतरतो असे आढळले नाही’ या वाक्यात घाईचा वाचक ‘लवकर उतरतो’पर्यंत पोहोचून पुढे सरकला, तर उलटाच निष्कर्ष घेऊन जातो. नकारार्थी निकालाचा मथळा मराठीत लिहिताना तुलना आधी आणावी: ‘औषध घेणारे आणि न घेणारे, दोघांचाही ताप सारख्याच दिवसांत उतरला.’ इंग्रजीतला मथळा जसाच्या तसा मराठीत आणला, की ही चूक हमखास होते.]

साशंक : मथळा जमला, हे मान्य. पण मथळ्याखाली काय राहणार आणि काय जाणार? चारशे शब्दांची पद्धत तीस शब्दांवर आणताना कोणते तीस ठेवायचे, हे ठरवणारी कसोटी हवी. नाहीतर प्रत्येक लेखक आपल्याला आवडते ते ठेवतो. यंत्राचे नाव ठेवतो, कारण ते महाग होते. रुग्ण का गळाले ते काढतो, कारण ते अडचणीचे असते.

संक्षेपवादी : कसोटी आहे आणि ती वाक्यागणिक लावायची असते. मुख्य वाक्य समोर ठेवून दुसरे प्रत्येक वाक्य झाकून पाहावे आणि विचारावे: हे नसले, तर मुख्य वाक्य खोटे वाटेल का, किंवा आहे त्यापेक्षा जास्त पक्के वाटेल का? उत्तर ‘होय’ असेल, तर ते वाक्य राहते. फक्त माहिती कमी होत असेल, तर ते जाते. स्ट्रेप्टोमायसिनच्या निबंधात रोजची मात्रा दोन ग्रॅम, दर सहा तासांनी एक याप्रमाणे चार इंजेक्शनांत, चार महिने, असे लिहिले आहे. उपचार करणाऱ्याला ते लागेलच, पण ते झाकले तरी मथळा तेवढाच खरा राहतो; ते हस्तपत्रकावर जावे. गट यादृच्छिक अंकांनी पडले हे झाकले, तर वाचणाऱ्याला लगेच शंका येईल, की बरे होण्यासारखे रुग्ण निवडून औषध दिले असेल. ते राहिलेच पाहिजे. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटाचा ते माहीत नव्हते, हेही राहिले पाहिजे, कारण ‘सुधारणा’ हा शब्द त्यावरच उभा आहे.

बाकी काटछाट भाषेतच होते आणि तिथे काही हरवत नाही. निबंधातले वाक्य मराठीत असे आले असते: ‘सदर अभ्यासामध्ये क्ष-किरण चित्रांचे परीक्षण तीन तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे करण्यात आले असून, सदर तज्ज्ञांना रुग्ण कोणत्या गटातील आहे याबाबतची माहिती देण्यात आलेली नव्हती.’ बावीस शब्द झाले. तेच असे लिहिता येते: ‘चित्रे तिघांनी वेगवेगळी पाहिली, रुग्ण कोणत्या गटाचा हे त्यांना ठाऊक नव्हते.’ अकरा शब्द. अर्थाचा कणही गेला नाही. ‘करण्यात आले’, ‘सदर’, ‘याबाबतची’, ‘च्या माध्यमातून’ हे सगळे कार्यालयीन टिपणीतून आलेले ओझे आहे. पोस्टर निम्मे करायला पुष्कळदा एवढेच पुरते आणि हे करण्याआधी मजकूर कापायला घेणे ही चूक आहे.

[या मुद्द्यावर संक्षेपवाद्याची बाजू भक्कम आहे. आकारासाठी अक्षर लहान करणे हा दुसरा मार्ग लोक निवडतात आणि तो बंदच असतो. मुख्य मजकुरासाठी २४ पॉइंटांच्या खाली जाऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. २४ पॉइंट म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार यांमुळे देवनागरीला त्याहून थोडे मोठे अक्षर आणि ओळींत जास्त अंतर लागते. म्हणजे त्याच कागदावर मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा कमीच मावतो.]

साशंक : भाषेतली काटछाट मान्य आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. झाकून पाहण्याच्या कसोटीबद्दल आहे. ती कसोटी लेखक लावतो आणि त्याला आपला निष्कर्ष आवडलेला असतो. कोणते वाक्य झाकल्याने मथळा ‘जास्त पक्का’ वाटतो, हे त्यालाच सर्वांत कमी दिसते. याच प्रयोगात त्याचा पुरावा आहे. त्या निबंधात आणखी एक निकाल होता. औषधाच्या गटातल्या ४१ रुग्णांचे जंतू तपासता आले. त्यांतल्या ३५ जणांचे जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि नंतर अनेक जण पुन्हा खालावू लागले. हे वाक्य झाकून पाहावे. चौदा शब्दांचा मथळा खोटा होतो का? नाही. सहा महिन्यांत ४ विरुद्ध १४, हे खरेच राहते. मथळ्यात ‘सहा महिन्यांत’ असे स्पष्ट लिहिलेले असल्याने तो जास्त पक्काही वाटत नाही, असे लेखक म्हणू शकेल. म्हणजे कसोटी प्रामाणिकपणे लावूनही प्रतिरोधाचे वाक्य हस्तपत्रकावर गेले असते. क्यूआर कोडच्या मागे गेले असते. आणि तो कोड तोच उघडतो, ज्याला आधीच रस आहे.

संक्षेपवादी : कसोटी तिथे अपुरी पडते, हे कबूल करून ती सुधारावी लागेल. मथळा वाचून वाचणारा काय करील, हेही विचारले पाहिजे. वरचे चौदा शब्द वाचून क्षयरोगाचा डॉक्टर काय करील? स्ट्रेप्टोमायसिन द्यायला लागेल आणि एकटेच देईल. प्रतिरोधाचे वाक्य त्याच्या या कृतीला अडवते. म्हणून दुसरा प्रश्न असा: मथळ्यावर विसंबून कोणी काही केले, तर हे वाक्य त्याचा हात धरील का? धरत असेल, तर ते पोस्टरवर राहते, मथळा त्याच्याविनाही खरा असला तरी. यादृच्छिक प्रयोगांच्या गोषवाऱ्यात काय असावे, याचे कन्सॉर्ट गटाने २००८ मध्ये केलेले निकष याच वळणाचे आहेत: गटात किती जण, मुख्य निकाल किती आणि किती खात्रीचा, आणि उपाय केल्याने झालेला महत्त्वाचा अपाय, हे सगळे दोन-तीनशे शब्दांतही यावे. अपाय ही तपशिलाची बाब नाही, निकालाचाच भाग आहे.

या दोन प्रश्नांनंतर पोस्टरचा मजकूर चार तुकड्यांवर येतो. पहिला तुकडा मथळा. दुसरा: ‘१०७ रुग्ण, वय १५ ते ३०, दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षयरोग. गट यादृच्छिक अंकांनी पाडले.’ तिसरा, आलेखाखाली: ‘क्ष-किरणात ठळक सुधारणा ५५ पैकी २८ जणांत; विश्रांती-गटात ५२ पैकी ४. चित्रे तिघांनी वेगवेगळी पाहिली. रुग्ण कोणत्या गटाचा हे त्यांना ठाऊक नव्हते.’ चौथा: ‘तपासलेल्या ४१ पैकी ३५ जणांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत झाली.’ सगळे मिळून सत्तरएक शब्द. सावकाश वाचले, तरी अर्ध्या मिनिटाचे काम. प्रस्तावनेतला क्षयरोगाचा इतिहास गेला, कारण त्या सभागृहात तो सगळ्यांना माहीत असतो. संदर्भसूची गेली. ‘चर्चा’ हा विभागच गेला. ती शेजारी उभे राहून तोंडी करायची असते.

साशंक : चारही तुकडे चांगले आहेत. पण कागदावर ते सारखे नाहीत. मथळा शंभर पॉइंटांत आहे, चौथा तुकडा तीस पॉइंटांत आणि खाली उजवीकडे आहे. तीन-चार मीटरवरून पहिला वाचता येतो, चौथा येत नाही. आधी सांगितलेला हिशेब मान्य केला, तर बहुतेक लोक फक्त पहिला घेऊन जाणार. म्हणजे चौथा तुकडा ठेवल्याने लेखक सुटतो, वाचणारा सुटत नाही. संक्षेपाच्या बाजूनेच विचार केला, तर खरा प्रश्न असा येतो: प्रतिरोध मथळ्यात का नाही?

संक्षेपवादी : घालून पाहता येईल. ‘स्ट्रेप्टोमायसिनने सहा महिन्यांत मृत्यू घटले (५५ पैकी ४, विश्रांतीवर ५२ पैकी १४); पण तपासलेल्या ४१ पैकी ३५ जणांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले.’ शब्द दीडपटीहून जास्त झाले, आकडे सहा झाले. दुरून वाचताना सहा आकडे लक्षात राहत नाहीत. चार राहतात का, हीच शंका आहे. दोन अर्धी वाक्ये ‘पण’ने जोडली, की वाचणारा त्यातले एकच घेऊन जातो आणि कोणते, ते सांगता येत नाही. मथळ्यात दोन गोष्टी मावत नाहीत, हा अनुभव आहे. एक निवडावी लागते. त्या वेळी क्षयरोगावर चालणारे असे औषध दुसरे नव्हते. मरणाच्या दारातल्या रुग्णाला ते मिळावे, हे सांगणे पहिले होते.

साशंक : निवडावी लागते, हे खरे, पण ‘पहिले कोणते’ याचे उत्तर लेखक आजच्या आकड्यांवरून देतो आणि पोस्टर उद्याही वाचले जाते. त्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला. वर्षभरात औषधाच्या गटातले १२ दगावले, विश्रांतीच्या गटातले २४. फरक अजून मोठा होता. पाच वर्षांनी मात्र औषधाच्या गटातले ३२ दगावले होते आणि दुसऱ्या गटातले ३५. टक्क्यांत ५८ आणि ६७. चौदा शब्दांत उरलेला संदेश पाच वर्षांत एवढा फिका झाला. आणि ज्या वाक्याने हे आधीच सुचवले होते, ते चौथ्या तुकड्यात होते.

संक्षेपवादी : पण त्याच चौथ्या तुकड्याने पुढचे काम घडवले. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पॅस हे दुसरे औषध दिले, तर प्रतिरोध बराच टळतो, असे मेडिकल रिसर्च कौन्सिलच्याच पुढच्या प्रयोगाने १९५० मध्ये दाखवले आणि एकाहून अधिक औषधे मिळून देण्याची रीत तिथून रुजली. संक्षेपात तो तुकडा राहिला असता, तर तो जवळ येऊन वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचला असता आणि पुढचा प्रयोग करणारे तेच लोक असतात. दुरून वाचणाऱ्याला औषध चालते हे कळणे आणि जवळून वाचणाऱ्याला ते कुठे फसते हे कळणे, ही विभागणी वाईट नाही.

साशंक : विभागणी वाईट नाही, पण ती तपासून पाहायला हवी, गृहीत धरायला नको. छापायला देण्याआधी पोस्टर भिंतीवर लावावे आणि त्या कामाशी संबंध नसलेल्या एकाला दहा सेकंद दाखवावे. मग ते झाकावे आणि ‘काय वाचले?’ एवढेच विचारावे. त्याने ‘औषधाने मृत्यू कमी झाले’ एवढेच सांगितले आणि ‘तुम्ही हे औषध द्याल का?’ या प्रश्नाला ‘लगेच’ म्हटले, तर चौथा तुकडा जागेवर नाही. तो मथळ्याच्या लगत, निदान त्याच्या निम्म्या आकाराच्या अक्षरांत यावा. त्यासाठी तिसरा तुकडा गेला तरी चालेल. क्ष-किरणातली सुधारणा मृत्यूच्या आकड्याला पुष्टी देते, नवे काही सांगत नाही.

संक्षेपवादी : दहा सेकंदांची परीक्षा घ्यावीच, आणि एकाची नव्हे, तिघांची घ्यावी. पण तिसरा तुकडा काढणे मान्य नाही. तो काढला, तर चित्रे पाहणाऱ्यांना गट ठाऊक नव्हता हे त्याच्याबरोबर जाते आणि जवळ येणाऱ्याचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो. चौथा तुकडा वर न्यावा आणि तिसरा खाली ठेवावा. अक्षर निम्मे असावे की तृतीयांश, हे परीक्षेतल्या तिघांच्या उत्तरांवरून ठरवावे.

साशंक : तिघांनाही १९४८ मध्ये विचारले असते, तर तिघांनीही ‘लगेच’ म्हटले असते आणि त्या वर्षी ते बरोबरच होते.

[दोघांचे इथपर्यंत एकमत झाले: निष्कर्ष वाक्यात सांगावा, विषयात नव्हे, किती पैकी किती, कोणाशी तुलना, किती काळ आणि कोणते रुग्ण हे फोडू नये, भाषेतले ओझे आधी उतरवावे, आणि ज्या वाक्याने वाचणाऱ्याचा हात अडेल, ते पोस्टरवर ठेवावे. ते वाक्य किती मोठ्या अक्षरांत असावे, यावर मतभेद राहिला. पाच वर्षांचा अहवाल १९५४ मध्ये आला. १९४८ च्या कोणत्याही मथळ्यात ३२ आणि ३५ असूच शकले नसते. ४१ पैकी ३५ हा आकडा मात्र तेव्हाही हातात होता.]